बाटली पुसली, पण मूठ तशीच राहिली

"घरच्या फोटोत काका-मामांच्या हातात ग्लास, सिगारेट नाहीतर बाटली आली असेल तर कोणाला पैसे देऊ नका. हीलिंग ब्रश घ्या, त्या वस्तूवरून फिरवा, दोन मिनिटांत गायब. बोटं आहेत तशीच ठेवायची, त्यांना हात लावायची गरज नाही. मध्ये जागा रिकामी दिसलीच तर शेजारची कातडी क्लोन करून भरा, कातडी काय सगळीकडे सारखीच. सिगारेट तर सगळ्यांत सोपी, नुसती एक रेघ आहे."

या फिरत्या मेसेजमधलं पैशांचं वाक्य खरं आहे. GIMP हे फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. बाकीच्या सल्ल्याने केलेले फोटो मात्र मी फ्रेमच्या दुकानांत, हार घातलेल्या तसबिरींत बरेच पाहिलेत. बघणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण नजर चेहऱ्यावरून घसरून हातावर जाते आणि तिथेच अडकते.

आधी ब्रशचं बघू. हीलिंग ब्रश जिथून नमुना घेतो तिथलं फक्त पोत आणतो. रंग आणि उजेड तो जिथे फिरवला त्याच्या आजूबाजूचा घेतो. मोकळ्या भिंतीवर किंवा गालावरच्या डागावर तो उत्तम चालतो तो यामुळेच. हातातल्या वस्तूला मात्र बोटं चिकटलेली असतात. ब्रशची कड बोटाला लागली की तपकिरी काचेचा रंग बोटात उतरतो, बोटाचा रंग मागच्या शर्टात पसरतो आणि बोटाची कड विरघळल्यासारखी दिसते. म्हणून क्रम उलटा हवा. आधी पेन टूलने बोटांची कड नीट आखून तिच्या बाहेरचा भाग सिलेक्ट करायचा, म्हणजे बोटं सुरक्षित राहतात. मग नव्या रिकाम्या लेयरवर क्लोन स्टॅंपने, म्हणजे एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे उमटवून, मागचा शर्ट किंवा भिंत भरायची. फोटोशॉपमध्ये त्यासाठी वरच्या पट्टीत `Current & Below` निवडावं लागतं, GIMP मध्ये `Sample merged`. कडा पक्क्या झाल्या की मधल्या भागातले ठिगळ पुसायला हीलिंग ब्रश खुशाल वापरा.

सिलेक्शनची कड किती मऊ ठेवायची हे फोटोच सांगतो. त्याच हाताचं जे बोट आधीपासून शर्टासमोर आहे त्याची कड शंभर टक्के झूमवर बघा. ती दोन-तीन पिक्सेलमध्ये विरत असेल तर नवी कडही तेवढीच विरली पाहिजे. कात्रीने कापल्यासारखी कड सगळ्यांत आधी पकडली जाते.

पण खरा घोळ आहे तो बोटं तशीच ठेवण्यात. वस्तू धरलेल्या हाताला आकार त्या वस्तूमुळे आलेला असतो. वस्तू काढली आणि आकार ठेवला, तर हात अदृश्य नळी धरून बसतो. पुसण्याचं काम संपल्यावर उरतो तो खरा प्रश्न : हा हात आता काय करतोय?

एक उदाहरण सविस्तर घेऊ. ठाणे-रायगडकडच्या हळदीच्या रात्रीचा फोटो. मामा खुर्चीपुढे उभे, चेहरा असा खुललेला की त्यांच्या इतर कुठल्याच फोटोत तो तसा नाही. उजव्या हातात पोटासमोर बिअरची तपकिरी बाटली. मामा गेल्यावर तेराव्यासाठी घरच्यांना हाच फोटो हवाय, बारा बाय अठराच्या फ्रेममध्ये. त्या आकारात मूठ दीड-दोन इंचांची होते, म्हणजे बघणाऱ्याला ती स्पष्ट दिसणार.

अशा फोटोत चार बोटं आपल्या बाजूने बाटलीभोवती गेलेली दिसतात. बाटली मुठीच्या वर आणि खाली दिसते, अंगठा तिच्यामागे लपलेला असतो. वरची मान आणि खालचं बूड काढून शर्ट भरणं हे सोपं काम. शर्टाला रेघा असतील तर रेघ मुठीच्या वर जिथे संपते आणि खाली जिथे निघते ती एका ओळीत येते का हे तपासायचं, एवढंच. फ्लॅशमुळे बाटलीची कडक सावली शर्टावर पडलेली असते, तीही काढायची. मुठीची सावली मात्र ठेवायची, नाहीतर मूठ हवेत तरंगते.

मग मुठीचा वरचा भाग. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि हात पोटाजवळ, म्हणजे मूठ आपल्याला किंचित वरून दिसते. बाटली गेल्यावर तिथे सहा-सात सेंटीमीटर रुंदीचं भोक उघडं पडतं. त्याच्या आत तर्जनीची आतली बाजू, तळहात आणि अंगठा दिसायला हवा, पण यातलं काहीच फोटोत नाही, कारण ते सगळं बाटलीने झाकलेलं होतं. काही जण ते भोक काळोखाने भरून टाकतात. छोट्या प्रिंटमध्ये ते खपतं, बारा बाय अठरात मामांची मूठ पोकळ दिसते.

इथे मूठ बंद करावी लागते. बाटलीभोवती बोटं गोल कमानीत वळलेली असतात. सैल बंद मुठीत ती मधल्या सांध्यापाशी जास्त मोडतात, म्हणून त्या बाजूची कड थोडी आत आणि जरा कोनदार व्हायला हवी. फोटोशॉपच्या `Puppet Warp` ने किंवा GIMP च्या `Cage Transform` ने हे होतं. `Puppet Warp` ची पिन नेहमी सांध्यावर ठेवायची, दोन सांध्यांच्या मध्ये नाही, कारण बोट हाडाच्या मध्यावर वाकत नाही. चारही बोटं एकदम ओढायचा मोहही आवरायचा. करंगळी सहसा जास्त मिटलेली असते आणि तर्जनी कमी. चौघींना सारखाच बाक दिला की हात रबरी दिसतो.

अंगठा मात्र नवाच आणावा लागतो. मामांच्या मुलाला उभं करून त्याच्या हाताचा फोटो घेणं हा माझ्या मते सर्वांत प्रामाणिक मार्ग. कॅमेरा त्याच उंचीवर, दोन-अडीच मीटर लांब उभं राहून झूम करून, कारण जवळून घेतला तर हात पुढून फुगतो. मूळ फोटोत फ्लॅश असेल तर इथेही फ्लॅशच. मूठ सैल मिटून अंगठा तर्जनीच्या कडेवर टेकवायला सांगायचं. त्या फोटोतून फक्त अंगठा आणि त्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग घ्यायचा. पुढची बोटं, त्यांचे सांधे, अंगठी मामांचीच राहू द्यायची, कारण घरातली माणसं हात ओळखतात तो यांवरूनच. पूर्ण हात बदलायची वेळ आलीच तर जोड घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा शर्टाच्या बाहीत लपवायचा, उघड्या मनगटावर कधीच नाही.

मामांचाच डावा हात त्या फोटोत मोकळा लोंबत असेल तर तो उलटा करून वापरता येतो का? समोरून फ्लॅश असेल तर अनेकदा येतो. खिडकीचा उजेड एका बाजूने असेल तर उलटवल्यावर बोटांची उजेडाची बाजू चुकते आणि ते जमत नाही.

कातडी सगळीकडे सारखी हे तर आपल्याकडे अजिबातच खरं नाही. सावळ्या हाताचा तळवा पाठीमागच्या बाजूपेक्षा स्पष्टपणे उजळ आणि गुलाबीसर असतो. हाताच्या पाठीची कातडी क्लोन करून तळव्याच्या जागी भरली की हात दोन्हीकडून पाठमोरा दिसतो. तळव्यावर लव नसते, पेरांच्या आडव्या घड्या असतात, आणि त्या सांध्यांवरच येतात. त्यात वस्तूने मागे ठेवलेल्या खुणा वेगळ्याच. घट्ट धरलेल्या बोटाचं टोक दाबामुळे फिकट पडतं, तपकिरी काचेतून आलेला उजेड बोटांच्या आतल्या बाजूला पिवळट रंग देतो, थंड बाटलीचं पाणी बोटांवर चमकतं. बाटली गेली की या खुणांना कारण उरत नाही. पिवळटपणा मास्क लावून `Hue/Saturation` ने कमी करावा, बोटाच्या टोकावर थोडा तांबूसपणा परत आणावा. भरलेल्या ग्लासातून दिसणारी बोटं कामाची आहेत असंही समजू नका. भरलेला गोल ग्लास भिंगासारखा वागतो, त्यामागचं बोट जाड, सरकलेलं, कधी चक्क उलट बाजूला दिसतं. ते तसंच ठेवून काचेच्या कडा तेवढ्या पुसल्या की हाताला सहावं बोट फुटतं.

सिगारेट सोपी असते, पण काही फोटोंतच. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या झेब्रा क्रॉसिंगवरच्या प्रसिद्ध छायाचित्रात पॉल मॅकार्टनीच्या उजव्या हातात सिगारेट आहे. 2003 मध्ये अमेरिकेतल्या काही पोस्टर कंपन्यांनी ती काढून टाकली. हात खाली लोंबणारा आणि चित्रात लहानसा, त्यामुळे नुसतं पुसून भागलं. काकांनी हात चेहऱ्याजवळ धरला असेल तर तर्जनी आणि मधल्या बोटातली फट ताठ उभी राहते, आणि सिगारेट नसतानाही ती तिथे आहे हे सगळ्यांना कळतं. तेव्हा तर्जनी तिच्या मुळाच्या सांध्यापासून फिरवून मधल्या बोटाला टेकवायची. दोन टेकलेल्या बोटांमध्ये एक बारीक गडद रेघ हवी, पण काळी नको. कातडीतून झिरपलेल्या उजेडामुळे ती लालसर तपकिरी असते. ती वेगळ्या लेयरवर `Multiply` लावून काढली की हवी तेवढी फिकी करता येते. बोटावर पडलेली सिगारेटची सावली आणि चेहऱ्यापुढून गेलेला धूर लोक विसरतात. धुरामुळे त्या पट्ट्यातला गाल धुरकट झालेला असतो, तिथला कॉंट्रास्ट किंचित वाढवावा लागतो.

त्या मेसेजमध्ये एक पर्याय आलेलाच नाही : वस्तू न काढता बदलणं. 2009 मध्ये पॅरिसच्या मेट्रोतल्या जाहिरातीत फ्रेंच अभिनेते जाक ताती यांच्या तोंडातल्या पाइपच्या जागी पिवळं भिरभिरं लावलं गेलं आणि त्यावर भरपूर हसू झालं. काकांच्या हातात लग्नपत्रिकेची सुरळी देणं मला त्याच जातीचं वाटतं. पण ग्लासात व्हिस्की असेल तर ग्लास काढायचाच कशाला? आतल्या द्रवावर मास्क लावून रंग जवळजवळ शून्यावर आणा, थोडा उजळ करा, बोटांवरची पिवळट झाक काढा. काका पाणी पिताहेत. बोटांना खरोखरच हात लावावा लागत नाही तो इथे. कपाचंही तसंच, चहाचा कप कोणाला खुपत नाही, खुपतो तो त्यावरचा छाप, आणि छाप पुसायला बोटं मोडावी लागत नाहीत.

काम झाल्यावर फोटो आडवा उलटवून बघा, ओळखीच्या चुका नव्याने दिसतात. मग प्रिंटच्या आकारात तो अशा माणसाला दाखवा ज्याला आधी काय होतं हे ठाऊक नाही, आणि विचारा, यांच्या हातात काय आहे? "काही नाही" हे उत्तर लगेच आलं तर जमलं. "काहीतरी धरलंय वाटतं" असं आलं तर अंगठ्याकडे परत जा. दुसऱ्यांदाही तेच आलं आणि चेहरा चांगला असेल, तर छातीपाशी क्रॉप करून फ्रेमवाल्याला द्या. मूळ फाइल मात्र वेगळ्या नावाने जपून ठेवा, पुढे कोणीतरी मामांचा बाटलीवाला फोटोच मागतं.