'चाक' म्हणणारं पोर बोबडं नसतं

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांब होणार आहे, वाचायचं तर वाचा.

भाची चौथीत आहे. पाठांतराच्या स्पर्धेची तालीम होती, आणि तिथल्या बाईंनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं की तुझा 'च' स्वच्छ नाही, त्स त्स काय करतेस, बोबडं वाटतं, नीट 'च' म्हण. शब्द होता 'चाक'. पोरगी घरी आली ती 'चिमणी'मधला 'च' लावून चाक, चूल, चोर, पाच म्हणत आली, आणि 'माझा'सुद्धा 'माझी'मधला झ लावून. मला म्हणाली, मावशी आता बरोबर येतंय ना? मला काय बोलावं सुचेना.

अहो, ती बरोबरच म्हणत होती! चाक, चूल, चोर, पाच, चाळ, चुना, जाड, जावई, आज, झाड, झरा. पुण्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला म्हणायला लावा. इथे लिहून दाखवणं अवघड आहे कारण अक्षर एकच, म्हणून या पोस्टपुरतं दातातल्या उच्चाराला खाली टिंब देते: च़ाक, च़ूल, ज़ाड, झ़ाड. बिनटिंबाचा तो टाळूचा: चिमणी, चेहरा, जीभ, जेवण, झेंडा.

फरक तोंडात करून बघा, आत्ता. 'च़ूल' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, हिरडीला लागतं आणि सुटताना शेवटी 'स्स' ऐकू येतं. 'चिमणी' म्हणताना जिभेचं पातं टाळूला चिकटतं आणि सुटताना 'श्श' येतं. पहिलाच आवाज ताणून धरा, लगेच कळतं, त् आणि स् घाईत जोडला की च़, त् आणि श् जोडला की च. ज चंही तेच, फक्त घशात घुमतं. छ ला मात्र ही भानगड नाही, तो एकच, टाळूचा.

भाचीला मी हे चिंचेवरून समजावलं. 'चिंच' म्हण. पहिला च टाळूचा, दुसरा दातातला: चिंच़. आता अनेक कर: चिंच़ा. आता 'चिंचेचा कोळ' म्हण. बघ, आधी दातात असलेला दुसरा च टाळूवर गेला, कारण पुढे ए आला, आणि शेवटचा 'च़ा' दातात राहिला, कारण पुढे आ आहे. 'चिंचेची चटणी' म्हटलं की 'चिंचेची'तले तिन्ही टाळूचे. पुढे इ, ई, ए किंवा य असला की जीभ आधीच वर उचललेली असते, ती च ला पण वर ओढून नेते. म्हणूनच माझ़ा, पण माझी, माझे, माझ्या. घरच़ा, पण घरची, घरचे. हे कोणी शिकवलेलं नसतं हो, दोन-तीन वर्षांचं पोर करायला लागतं, आणि त्या बाई त्याला बोबडं म्हणतात! भाचीने चिंचेचा चारदा म्हटलं आणि हसली, मग म्हणाली पण बाई रागावतील.

बरं, मान्य, नुसतं पुढचा स्वर बघून भागत नाही. आ, अ, उ, ओ पुढे असले तर दोन्ही येऊ शकतात, आणि तिथे शब्द कुठून आला ते बघावं लागतं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे: संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुतेक टाळूचे राहिले, आणि तेच शब्द लोकांच्या तोंडात झिजून मराठी झाले तेव्हा दातात आले. चक्र, पण च़ाक. चंद्र, पण च़ांदणं. चर्म, पण च़ामडं. चूर्ण, पण च़ुना. पंच, पण पाच़. जन, पण चार ज़ण. म्हणजे दातातला च़ म्हणजे हा शब्द आपल्या घरात वाढलाय याची खूण आहे, आणि ती खूण पुसायला सांगतायत, तीसुद्धा मराठी स्पर्धेच्या तालमीत.

फारसी-अरबीतून आलेले जमीन, बाजार, आवाज यांच्यात मुळात इंग्रजी z सारखा घर्षणाचा आवाज होता, तोही आपण जवळच्या दातातल्या ज़ मध्ये बसवला. ज़मीन, बाज़ार, आवाज़. बाहेरूनच आलेले चहा, चष्मा, चाकू, चॉकलेट, जीन्स मात्र टाळूचे राहिले.

'चार' आकडा का टाळूचा, असं कोणी विचारणारच. पुढे आ आहे, झिजलेला शब्द आहे, म्हणजे च़ार व्हायला हवा. पण जुन्या पोथ्यांमध्ये 'च्यारी' लिहिलेलं सापडतं, मधला य नंतर गळाला, त्याने दिलेला उच्चार राहिला. आणि बरं झालं राहिला, कारण 'चार गुरं' म्हणजे चार जनावरं, आणि 'गुरं च़ार' म्हणजे चरायला ने. तसंच जात आणि ज़ात, 'तो जात बघून कुठे ज़ात नाही' हे एकाच ज ने म्हणून बघा, कानाला खटकतं. पाणी पिण्याचा जग आणि आपलं ज़ग. 'चांगला' टाळूचा का, हे मात्र असं नियमात बसवून सांगता येत नाही, तो तसाच लक्षात ठेवायचा.

हो, संदर्भाने अर्थ कळतो, कोणी परप्रांतीयाने टाळूचा 'चाक' म्हटला तरी कोणाचा जीव जात नाही, शिकणाऱ्याला मी कधी हसणार नाही. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. जो बरोबर बोलतो त्याला चूक ठरवण्याबद्दल आहे. हिंदी मालिका, कार्टून, शाळेतलं हिंदी, दिवसभर कानावर टाळूचाच च, त्यामुळे तोच 'स्वच्छ' वाटायला लागलाय. बाईंचा हेतू वाईट नसेल, असं बहीण म्हणते. नसेलही. पण पोरगी आता जेवताना 'पाच' म्हणायच्या आधी थांबते, विचार करते आणि मग चुकीचा म्हणते, ते बघवत नाही.

अक्षर एकच असणं हे यातलं मूळ आहे असं मला वाटतं. तेलुगूत दातातल्या च़ आणि ज़ साठी वेगळी अक्षरं होती, आता फारशी वापरात नाहीत, पण २००८ साली युनिकोडमध्येसुद्धा आली. काश्मिरी देवनागरीत लिहितात तेव्हा त्स ला च खाली नुक्ता, म्हणजे असंच टिंब देतात. आपल्याकडे वर्तमानपत्रात टिंबं द्या असं मी म्हणत नाही, मोठ्या माणसाला गरज नाही. पण पहिली-दुसरीच्या वाचनपाठात आणि बाहेरून येऊन मराठी शिकणाऱ्यांच्या पुस्तकात एक टिंब द्यायला काय हरकत आहे? आणि शिक्षकांना एवढं तरी सांगा की पोराचा च़ ऐकला तर आधी पुढचा स्वर बघा, मग बोला.

सोमवारी बाईंना भेटायला जाणार आहे, भांडायला नाही, चिंचेचा हा एकच शब्द त्यांच्याकडून म्हणून घ्यायला. आणि तुमच्याकडे 'चमचा' कसा म्हणतात ते खाली सांगा, गावासकट, आमच्याच घरात पहिल्या च वरून दोन मतं आहेत.