खुलासा : कलम ३८ मधला क्रम म्हणजे उतरंड नव्हे

आंतरराष्ट्रीय कायद्याचे स्रोत सांगणाऱ्या, आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील कलम ३८ विषयी ग्रुपवर हा तक्ता फिरतो आहे :

"कलम ३८(१) : पहिला करार, दुसरी रूढी, तिसरी सामान्य तत्त्वे, चौथे न्यायनिर्णय. वरचा स्रोत खालच्याला रद्द करतो. पेपरात हाच तक्ता काढा."

संविधीत असा नियम नाही. १९२० मध्ये या न्यायालयाच्या आधीच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयासाठी मसुदा झाला तेव्हा त्यात 'पुढील क्रमाने' या अर्थाचे शब्द होते, पण अंतिम मजकुरातून ते वगळले गेले. व्यवहारात करार बहुतेक वेळा आधी पाहिला जातो, कारण तो त्या देशांनी आपसात ठरवलेला खास नियम असतो. पण तेवढ्याने रूढी संपत नाही.

निकाराग्वा विरुद्ध अमेरिका (१९८६) हा खटलाच बघा. अमेरिकेने घातलेल्या अटीमुळे न्यायालयाला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेसारखे बहुपक्षीय करार लावता येत नव्हते. तरीही बळाच्या वापरावरील बंदी रूढीतही स्वतंत्रपणे जिवंत आहे असे म्हणून न्यायालयाने त्या आधारे अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. उलट बाजूने, करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ५३ सांगते की अनिवार्य नियमाविरुद्ध, म्हणजे देशांना आपसात ठरवूनही मोडता येत नाही अशा नियमाविरुद्ध, केलेला करार शून्य ठरतो. म्हणजे वंशसंहारासाठी दोन देशांनी करार केला, तर 'करार पहिला' हे सूत्र तिथेच कोसळते.

चौथी ओळ मात्र खरोखर खालची आहे. न्यायनिर्णय आणि विद्वानांचे लेखन यांना संविधीच 'दुय्यम साधन' म्हणते, आणि कलम ५९ नुसार निर्णय त्या खटल्यातील पक्षांपुरताच बंधनकारक असतो.

तक्त्यातला 'श्रेणी' हा रकाना खोडून तिथे 'मुख्य की दुय्यम' असे लिहा. जुना तक्ता कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर पाठवला असेल तिथे ही दुरुस्ती टाका.