प्लगच्या वायर फिरवून फायरिंग ऑर्डर बदलत नाही

नाशिकच्या गॅरेजांमध्ये फिरणारा मेसेज: "चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटवणं ही नुसती कंपनीची सवय आहे. २ आणि ३ च्या प्लग वायर एकमेकींच्या जागी लावा, ऑर्डर १-२-४-३ होते. इंजिन स्मूथ चालतं, कसारा घाटात पिकअप वाढतो. आम्ही करून पाहिलंय, काही बिघडत नाही."

"नुसती सवय" म्हणणाऱ्याने पिस्टनांनी फिरणारी क्रँक एकदा उघडी पाहावी. नेहमीच्या सरळ चार सिलिंडरच्या इंजिनात १ आणि ४ चे पिस्टन एकत्र वर येतात, २ आणि ३ चे एकत्र खाली जातात. चारही सिलिंडर एकेकदा पेटायला क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश लागतात. धक्के समान अंतराने हवेत, तर दर १८० अंशांना एक पेटला पाहिजे. १ नंतर १८० अंशांनी वर येतात २ आणि ३, त्यामुळे पुढचा यांच्यापैकीच एक. मग ४, मग उरलेला. म्हणजे १-३-४-२ किंवा १-२-४-३, तिसरा पर्याय नाही. दोन्हींत धक्क्यांचं अंतर तेच, म्हणून स्मूथपणाचा मुद्दा इथेच संपतो.

या दोनांतला कोणता, हे व्हॉल्व्हची उघडझाप करणारी कॅमशाफ्ट ठरवते. १-३-४-२ च्या इंजिनात १ पेटल्यावर १८० अंशांनी ३ मध्ये मिश्रण दाबलेलं असतं. त्याच वेळी २ चा पिस्टनही वरच असतो, पण तिथे जळका धूर बाहेर पडून इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो. प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर असलेल्या गाडीत वायर फिरवल्यावर ठिणगी पडते ती या २ मध्ये, आणि तीही फुकट. कधी कधी इनटेकमध्ये फटाका वाजतो. ३ चीही तीच गत. उरलेले १ आणि ४ एकमेकांपासून ३६० अंशांवर पेटतात, म्हणून आयडलिंगला इंजिन गदागदा हलतं, घाटात तर दमच उरत नाही. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. तेव्हा असं इंजिन ताणत बसू नये.

"करून पाहिलंय" हे मात्र खोटं असेलच असं नाही. डिस्ट्रिब्यूटर नसलेल्या बऱ्याच गाड्यांत १-४ ला एक कॉइल आणि २-३ ला एक कॉइल असते, आणि जोडीतल्या दोन्ही प्लगांना एकाच वेळी ठिणगी मिळते. तिथे २ आणि ३ च्या वायर बदलल्या तरी ठिणगीची वेळ बदलत नाही. बिघडलं नाही, कारण बदललंच काही नाही! पिकअप वाढल्याचा भास फुकटचा.

डिस्ट्रिब्यूटरच्या गाडीत वायरींचा घोळ झालाच, तर चारही प्लग काढा. १ च्या भोकावर अंगठा धरून क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने इंजिनच्या दिशेनेच फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की पुलीची खूण टायमिंगच्या खुणेपर्यंत आणा. आता डिस्ट्रिब्यूटरमधला फिरणारा रोटर त्याच्या कॅपच्या ज्या टोकाकडे आहे तिथे १ ची वायर, आणि पुढे रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने ३, ४, २. रोटरची दिशा उलटी धरली की नेमक्या २ आणि ३ च्याच वायर अदलाबदल होतात, आणि गाडी वरच्यासारखीच दोन सिलिंडरवर हलत चालते.