टोकन रोख की बँकेतून : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “लेख वाचून माहितीपेक्षा भीतीच जास्त मिळाली. टोकन रोख दिलं आणि सहीची पावती घेतली तर असं काय बिघडतं? आमच्या घरात तीन फ्लॅट असेच घेतले गेले. तुमच्यासारखे लोक मालक आणि एजंट यांच्याविषयी उगाच संशय पेरतात. आरटीजीएस, यूटीआर हे सगळं सामान्य माणसाला जमत नाही.”

नमस्कार. फ्लॅट घेताना टोकन, म्हणजे सौदा पक्का करायला दिलेली पहिली रक्कम, रोख न देता बँकेतून द्यावी, हा माझा लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर ‘संशय पेरतात’ हे शब्द तुम्ही लिहिले नसते. मालक लबाड असतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही. साठेखतांचे, म्हणजे घरविक्रीच्या करारांचे, मसुदे करणं आणि कर्जासाठी ते कागद बँकेत लावून देणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात जे व्यवहार अडकतात, त्यातल्या बहुतेकांत दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिकच असतात. असहमती जरूर नोंदवा, पण हेतूवर शिंतोडे उडवू नका.

एक गोष्ट मान्य करतो. बोलणी पक्की झाल्यावर शकुनाचे म्हणून ११,००० रुपये रोख हातावर ठेवले, तर तेवढ्यानं कायदा मोडत नाही. पण तुमचं वाक्य अकरा हजारांपुरतं नाही, आणि टोकनही आता सहसा तेवढ्यावर थांबत नाही.

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला १ जून २०१५ पासून आयकर कायद्यात मनाई आहे. व्यवहार पुढे झाला नाही तरी ही मनाई लागू असते. दंड स्वीकारलेल्या रकमेएवढा असू शकतो आणि तो पैसे स्वीकारणाऱ्यावर, म्हणजे फ्लॅट विकणाऱ्यावर बसतो. आधी घेतलेली रक्कम नव्या रकमेत मिळवून हिशेब होतो, त्यामुळे १९-१९ हजारांचे पाच हप्ते करून सुटका होत नाही. सौदा फिसकटला तर पैसे परत करतानाही बँकेतूनच करावे लागतात.

आता तुमच्या सहीच्या पावतीकडे येतो. एक लाखाच्या रोख टोकनाची पावती म्हणजे विकणाऱ्यानं स्वतःविरुद्ध लिहून दिलेला पुरावा. पहिल्या संध्याकाळी तो ती आनंदानं देतो. आठवड्यानं त्याचे सीए त्याला दंडाचं सांगतात आणि मग तो म्हणतो, ‘हे एक लाख साठेखतात लिहायचे नाहीत.’ तो पैसे नाकारत नसतो, फक्त घाबरलेला असतो. अडचण मात्र फ्लॅट घेणाऱ्याची होते, कारण साठेखतात न लिहिलेली रक्कम किमतीत मोजली जात नाही.

आकड्यांत बघा. पुण्यातला पुनर्विक्रीचा दोन खोल्यांचा फ्लॅट, किंमत ६४ लाख, विकणारे पती-पत्नी, घेणारा एकटा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, म्हणजे इथे ५१,२०,०००. उरलेले १२,८०,००० घेणाऱ्याचा स्वतःचा हिस्सा. किंमत ५० लाखांच्या वर असल्यानं एक टक्का टीडीएस घेणाऱ्यानं कापून भरायचा, म्हणजे ६४,०००. विकणारे दोघं असल्यामुळे चलनंही दोन, निम्मा-निम्मा वाटा असेल तर प्रत्येकी ३२,००० ची. मग हिस्सा असा बसतो : टोकन १,००,०००, टीडीएस ६४,००० आणि साठेखताच्या वेळी ११,१६,०००.

कर्जाची रक्कम सोडण्याआधी बँक हा हिस्सा भरल्याचा पुरावा मागते आणि तो घेणाऱ्याच्या खात्याच्या उताऱ्यात शोधते. उताऱ्यात ११,१६,००० दिसतात, टीडीएसची चलनं जोडलेली असतात, पण रोख दिलेला लाख कुठेच नसतो. बँक ११,८०,००० धरते आणि उरलेला लाख खात्यातून भरून या म्हणते. मग घेणाऱ्यानं तोच लाख दुसऱ्यांदा द्यायचा आणि पहिला रोख परत मागायचा. तो परत मिळणं आता पूर्णपणे समोरच्याच्या मर्जीवर. तुमच्या पावतीवर बहुतेक वेळा नवऱ्याची एकट्याची सही असते, हेही लक्षात घ्या. बायकोनं तिच्या वाट्यापोटी काही घेतल्याचं त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून टोकनही खात्यातूनच द्यावं, आणि साठेखतात ज्याचं नाव विकणारा म्हणून येणार आहे त्याच्याच खात्यात. ‘मुलाच्या खात्यात टाका’, ‘माझ्याकडे द्या, मी पोचवतो’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. पैसे जायचेही घेणाऱ्याच्याच खात्यातून. वडील मदत करत असतील तर त्यांनी आधी मुलाच्या खात्यात भरावेत. एनईएफटी आणि आरटीजीएस खाते क्रमांकावर चालतात, नावावर नाही, त्यामुळे खातेदाराचं नाव आधी पडताळून घ्या. आता बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये ती सोय आहे. पैसे गेले की त्याच दिवशी दोन्ही मालकांकडून ईमेलवर किंवा कागदावर एवढं लिहून घ्या : फ्लॅट कोणता, ठरलेली किंमत किती, मिळालेली रक्कम आणि तिचा यूटीआर, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, साठेखत कधीपर्यंत करायचं, आणि कर्ज नामंजूर झालं किंवा मालकीत दोष निघाला तर टोकन किती दिवसांत परत. ही शेवटची ओळ सहसा राहून जाते आणि नंतरचं भांडण नेमकं तिच्यावरच होतं.

चेक दिला तर आणखी एक खाच आहे. साठेखतात चेकचा क्रमांक लिहिला म्हणजे पैसे पोचल्याचं सिद्ध होत नाही. तो उताऱ्यात वटलेला दिसला पाहिजे. कित्येकदा नोंदणीनंतर विकणारा म्हणतो, ‘चेक राहू दे, आरटीजीएस कर.’ घेणारा करतो. मग साठेखतात एक क्रमांक, उताऱ्यात दुसराच, आणि बँकेची फाइल परत येते. अशा वेळी मूळ चेक परत घ्या आणि ‘अमुक क्रमांकाच्या चेकऐवजी अमुक यूटीआरनं तेवढीच रक्कम मिळाली’ अशी दोघांच्या सहीची पावती करून ठेवा. उशिरा कळलं तर चूक-दुरुस्ती लेख करावा लागतो आणि त्यासाठी सगळ्यांना पुन्हा नोंदणी कार्यालयात यावं लागतं.

उरलेली रक्कम देताना विकणाऱ्याचं जुनं कर्ज बाकी असेल, तर ‘मला द्या, मी फेडतो’ हे ऐकू नका. त्याच्या बँकेकडून ठरावीक तारखेपर्यंतच्या थकबाकीचं पत्र घ्या, तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात जाऊ द्या आणि बाकीची त्याच्या बचत खात्यात. दोन्ही रकमा मोबदल्यापोटी आहेत हे साठेखतात लिहा.

तुमच्या घरातल्या तीन फ्लॅटांबद्दल म्हणाल, तर ते २०१५ च्या आधीचे की नंतरचे आणि त्यावर कर्ज होतं का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. आणि सामान्य माणसाला जमत नाही म्हणून तुम्ही कुणाच्या वतीनं बोलता आहात ते मला कळलं नाही. आरटीजीएसला ॲप लागत नाही. २ लाख किंवा त्याहून मोठी रक्कम असेल तर शाखेत एक पानी अर्ज भरायचा, सोबत चेक जोडायचा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का व यूटीआर लिहून मागायचा.