s आणि p: सिन्नरच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

x + y ला s आणि xy ला p म्हणून समीकरणं सोडवण्याच्या माझ्या रीतीवर आलेली प्रतिक्रिया: "सिन्नरला तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून लिहितो. दोनच चल असताना s आणि p असे आणखी दोन आणायचे हा द्राविडी प्राणायाम आहे. x + y + xy = 11 आणि x² + y² = 13 हे तुमचंच उदाहरण मी y ची किंमत ठेवून सोडवलं, उत्तरं आली. शिवाय s = −7 तुम्ही गुपचूप गाळलंत. का, ते लिहिलं नाही."

सर, नमस्कार. दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो खरा आहे. −7 गाळण्याचं कारण मी लिहायला हवं होतं.

x + y ला s आणि xy ला p म्हटलं की x² + y² म्हणजे s² − 2p. मग त्या उदाहरणातली समीकरणं s + p = 11 आणि s² − 2p = 13 अशी होतात. p = 11 − s ठेवलं की s² + 2s − 35 = 0, म्हणजे s = 5 किंवा s = −7. पहिल्यात p = 6, आणि x, y ही t² − 5t + 6 = 0 ची मुळं, म्हणजे 2 आणि 3. दुसऱ्यात p = 18. आता (x − y)² = s² − 4p हे नेहमीच खरं असतं, आणि इथे ते 49 − 72 म्हणजे −23 येतं. दोन वास्तव संख्यांच्या फरकाचा वर्ग ऋण कसा असेल? म्हणून −7 गेलं. ते ऋण आहे म्हणून नव्हे. s = −7 सोबत p = 12 असतं, तर −3 आणि −4 हे उत्तर बिनतक्रार मिळालं असतं. आणि संमिश्र संख्या चालणार असतील तर −7 सुद्धा ठेवावंच लागेल.

आता द्राविडी प्राणायाम. तुम्ही y = (11 − x)/(1 + x) ठेवलं असणार. मीही काल रात्री तेच करून पाहिलं. छेद काढल्यावर हे येतं:

x⁴ + 2x³ − 11x² − 48x + 108 = 0

108 च्या विभाजकांपैकी 2 आणि 3 ठेवून पाहिले की शून्य येतं, हे तुमच्या लगेच लक्षात आलं असेल. पण याचे अवयव पाडून पाहा: (x² − 5x + 6)(x² + 7x + 18). पहिल्या कंसात s = 5, p = 6 आहेत, दुसऱ्यात s = −7, p = 18. मी गाळलेली जोडी तुमच्याच समीकरणाच्या पोटात बसलेली आहे! चतुर्घाती समीकरण दोन वर्गसमीकरणांत फुटणार हे s आणि p आधीच सांगतात. तुमच्या रीतीत ते शेवटी कळतं, तेही मुळं पूर्णांक असली तर.

ती पूर्णांक नसली तर? तेच उदाहरण किंचित बदलू: x + y + xy = 10, x² + y² = 15. किंमत ठेवून x⁴ + 2x³ − 13x² − 50x + 85 = 0 येतं. 85 चे सगळे विभाजक लावून पाहिले तरी एकही चालत नाही आणि माणूस तिथेच अडकतो. s कडे मात्र पुन्हा तेच s² + 2s − 35 = 0. s = 5, p = 5, म्हणून x आणि y या (5 + √5)/2 आणि (5 − √5)/2. दुसऱ्या जोडीत s = −7, p = 17; 49 − 68 ऋण, ती गेली.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त बेरीज आणि फरक दिले असता दोन राशी काढण्याला 'संक्रमण' म्हटलं आहे: बेरजेत फरक मिळवून निम्मं, बेरजेतून वजा करून निम्मं. s² − 4p चं वर्गमूळ म्हणजे तो फरकच. तेव्हा शेवटची पायरी आपल्याकडे जुनीच आहे.

तुमच्या बाजूचंही एक सांगतो. ही रीत सगळीकडे चालत नाही. x आणि y ची अदलाबदल केल्यावर समीकरण जसंच्या तसं राहिलं पाहिजे. x − y = 1, xy = 6 मध्ये पहिलं बिघडतं. तिथे y = −z ठेवलं तर x + z = 1, xz = −6 होतं आणि गाडी रुळावर येते; उत्तरं (3, 2) आणि (−2, −3). पण (2, 3) चालत नाही, कारण मूळ समीकरणात अदलाबदल चालतच नव्हती. x + 2y = 7 सारखं काही असेल तर सरळ तुमचीच रीत घ्यावी, मीही तीच घेईन.

आणि खरा धोका तुम्ही लिहिलाय त्याहून वेगळाच आहे. कॉलेज रोडच्या माझ्या वर्गात एका मुलीनं x + y + xy = 11, x²y + xy² = 30 सोडवलं. s + p = 11, sp = 30, म्हणून 5 आणि 6, इथवर सुरेख. मग तिनं x = 5, y = 6 लिहून खाली दोन रेघा मारल्या. ते s आणि p होते, x आणि y नव्हेत. s = 5, p = 6 मधून 2 आणि 3 येतात, s = 6, p = 5 मधून 1 आणि 5; क्रम धरून एकूण चार उत्तरं. मूळ समीकरणात ठेवून पाहिलं असतं तर 5 + 6 + 30 = 41 आलं असतं, आणि चूक तिथेच कळली असती.