शेवटचा नंबर मागून घेणाऱ्या मावशीसाठी

"भिशीत व्याज नाही, म्हणून तोटाही नाही. भरले तेवढेच परत. नंबर पहिला लागो की शेवटचा, सगळ्यांना सारखंच. उलट शेवटचा नंबर मागून घ्या, आरडीपेक्षा भारी बचत!"

नागपूरच्या महाल भागातल्या मावशीनं हा मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "वाच बापा, मी तर शेवटचाच नंबर मागून घेतला." तिथं माझं डोकं फिरलं.

तिच्या भिशीत बारा बाया आहेत, हप्ता पाच हजारांचा. बोली नाही. एक तारखेला सगळ्या पैसे भरतात आणि त्याच दिवशी एकीला साठ हजार मिळतात. रुपये मोजले तर सारखंच आहे, पण महिनेही मोजा ना! शेवटच्या नंबरवालीचा पहिला हप्ता अकरा महिने दुसऱ्यांच्या हाती, दुसरा दहा महिने, तिसरा नऊ. बेरीज 66. म्हणजे पाच हजार रुपये 66 महिने बिनव्याजी उसने दिल्यासारखं झालं.

रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्यच वर्षाला 4 टक्के आहे. तेवढीच धरली, तरी या 66 महिन्यांत मावशीचे 1,100 रुपये झिजतात. पहिल्या नंबरवालीला नेमका तेवढाच फायदा, कारण ती आजच्या भावानं सामान घेते आणि उद्याच्या स्वस्त रुपयांनी फेडते. (साठ हजार कपाटात ठेवले तर तो फायदाही गेला.) प्रत्येक नंबरमागे 200 रुपयांचा फरक पडतो. सहावीला 100 मिळतात, सातवीचे 100 जातात. सगळ्यांची बेरीज शून्य, म्हणजे एकीला मिळतं ते दुसरीच्याच पदरातून.

आरडीशी तुलना तर करूच नका. 6 टक्क्यांनी तिथं त्याच हप्त्यांवर साधारण 1,650 रुपये व्याज झालं असतं.

हे सगळं प्रत्येकीनं शेवटपर्यंत भरलं तर. आधी उचललेल्या एकीनं आठव्या महिन्यानंतर हात वर केले आणि कोणी भरपाई केली नाही, की मावशीच्या हाती 55,000. घातले साठ. उचललेल्या सभासदाकडून पुढच्या हप्त्यांसाठी तारण घ्यावं, असं 1982 चा चिट फंड कायदा सांगतो. महालातल्या ओसरीवर कोण कोणाकडून तारण घेतं?

एवढं मान्य, की मावशीच्या हाती पैसा टिकत नाही आणि भिशीच्या लाजेखातर तो जमतो. बोलीच्या भिशीत शेवटपर्यंत थांबणारीला खरोखर कमाईही होते, कारण लवकर उचलणारी कमी रक्कम घेते आणि उरलेलं सगळ्यांत वाटलं जातं. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा तीच भिशी ऐकली असावी.

मी मावशीला फोन करून एवढंच विचारलं, पहिला नंबर कोणाचा?

"भिशी चालवते तिचा. मेसेज तिनंच तर टाकला."