‘पंचवीसची गोळी म्हणजे काहीच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

“झोपेच्या गोळ्यांची सवय लागते. त्यापेक्षा रात्री क्वेटियापिन २५ नाहीतर ट्रॅझोडोन ५० घ्या. मानसिक आजाराला ३००-४०० लागते, २५ म्हणजे काहीच नाही. सवय लागत नाही, वयस्करांनाही चालते, वाटेल तेव्हा बंद करता येते. छान झोप लागते. पुढे पाठवा.”

हा मेसेज माझ्या मोठ्या काकांना त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. काकांचं वय ७४. शेजाऱ्यांकडे क्वेटियापिनची पट्टी होती, त्यांनी दहा गोळ्या कापून दिल्या. तिसऱ्या रात्री दोन वाजता काका लघवीला उठले आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी कोसळले. भुवईवर चार टाके पडले. मी अठरा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे. ही गोळी त्यांनी मला विचारून घेतली नाही याचं मला वाईट वाटतं, पण तो मेसेज लिहिणाऱ्याचा राग जास्त येतो.

“२५ म्हणजे काहीच नाही” हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य आहे, कारण ऐकायला ते अगदी बरोबर वाटतं. क्वेटियापिन हे मुळात स्किझोफ्रेनियासारख्या भ्रमाच्या आजाराचं औषध, आणि ट्रॅझोडोन डिप्रेशनचं. स्किझोफ्रेनियात क्वेटियापिन दिवसाला सहसा ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतं हे खरं. पण म्हणून २५ म्हणजे त्याच औषधाचा पातळ केलेला घोट होत नाही. हे औषध मेंदूत आणि शरीरात बऱ्याच ठिकाणी जाऊन चिकटतं, आणि सगळीकडे सारख्याच जोराने नाही. भ्रमाच्या आजारावर उपयोगी पडणारी डोपामिनची जागा पुरेशी अडवायला मोठा डोस लागतो. हिस्टामिनची जागा मात्र थोड्याशा डोसातही अडते. सर्दीची गोळी घेतल्यावर डोळे मिटायला लागतात ना, ती गुंगी इथूनच येते, आणि क्वेटियापिन २५ ची झोप मुख्यतः तीच.

तिसरी जागा रक्तवाहिन्यांवर आहे, आणि काका पडले ते तिच्यामुळे. आपण आडवे असताना उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं, आणि वाहिन्या लगेच आवळून ते वर ढकलतात. क्वेटियापिन आणि ट्रॅझोडोन दोन्ही हे आवळणं ढिलं करतात. यासाठी ३०० ची गरज नसते. उलट स्किझोफ्रेनियाच्या रुग्णालाही पहिल्या दिवशी २५ च दोनदा देऊन मग डोस हळूहळू वाढवायला सांगितलेलं असतं, आणि त्यामागचं एक कारण हेच, की सुरुवातीच्या दिवसांत उभं राहताना बीपी पडतं. ज्या डोसाला मेसेज ‘काहीच नाही’ म्हणतो, तोच डॉक्टर जपून सुरू करतात.

काकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. प्रोस्टेटसाठी ते रोज रात्री जेवणानंतर टॅम्सुलोसिन घेतात आणि सकाळी बीपीची टेल्मिसार्टन. टॅम्सुलोसिनही त्याच जातीच्या जागा अडवतं. म्हणजे एकाच दोरीला दोघांनी ढिलं केलं, वर बीपीची गोळी होतीच. शिवाय पासष्टीनंतर क्वेटियापिन शरीराबाहेर पडण्याचा वेग साधारण ४० टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळे साडेनऊला घेतलेली गोळी दोन वाजता चांगलीच अंगात होती.

टाके घालून घरी आणल्यावर पहाटे चार वाजता मी त्यांचं बीपी मोजलं. पाच मिनिटं आडवं ठेवून १३२/७८. मग काकूंनी एका बाजूने धरलं, मागे पलंग ठेवला, आणि उभं करून एका मिनिटाने पुन्हा मोजलं. १०२/६२. “अगं, मला समोरची भिंत धूसर दिसतेय,” असं म्हणून ते खाली बसले. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष धरतात. इथे ३० आणि १६. नेहमी बसवून बीपी मोजलं तर हे सापडतच नाही. घरात कोणी या गोळ्या घेत असेल आणि सकाळी उठताना डोकं हलकं होत असेल, तर दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. उभं करताना माणसाला धरायला मात्र कोणीतरी हवंच.

“वयस्करांनाही चालते” याचं उत्तर वर आलंच. फक्त एक जोड देते. विस्मरणाचा आजार असलेल्या वृद्धांमध्ये क्वेटियापिनच्या वर्गातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ पासून लावलेला आहे. ‘आजोबा रात्री भटकतात, द्या पंचवीस’ असं परस्पर करणाऱ्यांनी हे वाचावं.

“छान झोप लागते.” गुंगी येते हे मी नाकारत नाही. पण निद्रानाशाचं औषध म्हणून पुरावा विचाराल तर तो फार तुटपुंजा आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१७ मध्ये जुनाट निद्रानाशाच्या औषधांवर मार्गदर्शन दिलं. त्यात ट्रॅझोडोन वापरू नये असं सुचवलं आहे. शिफारस सौम्य आहे, तेही सांगते. पण कारण बघा: ट्रॅझोडोन ५० ने औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीच्या तुलनेत झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागली आणि एकूण वीसेक मिनिटं वाढली. एवढ्यासाठी चक्कर आणि दिवसभराचं जडपण घ्यायचं का, हा प्रश्न आहे. पुरुषांनी आणखी एक माहीत ठेवावं. ट्रॅझोडोनने क्वचित लिंगाचा ताठरपणा जातच नाही. चार तासांवर गेला तर लाजत घरी बसू नका, थेट इमर्जन्सीत जा, उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं.

सवयीबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, हे मला मान्य करावं लागतं. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळीची लागते तशी तलफ सहसा यांची लागत नाही. पण “वाटेल तेव्हा बंद” हे खोटं. महिनोन् महिने घेतलेली गोळी एकदम सोडली की झोप आधीपेक्षा बिघडते, मळमळ आणि बेचैनी होते. मग माणूस म्हणतो, बघा, मला गोळीशिवाय झोपच येत नाही. डिप्रेशन किंवा बायपोलर आजारासाठी डॉक्टरांनी ती दिली असेल, तर हे वाचून स्वतःहून अजिबात बंद करू नका. तिथे ती झोपेसाठी दिलेली नसते.

वजन आणि साखर क्वेटियापिनने वाढू शकतात, मधुमेह असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. आणि माझ्या काउंटरवर रोज दिसणारी एक जोडी: गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल. यकृतातलं जे एन्झाइम क्वेटियापिन मोडतं, ते इट्राकोनॅझोलमुळे बंद पडतं. म्हणून दोन्ही एकत्र द्यावी लागली तर क्वेटियापिनचा डोस एक षष्ठांशावर आणायला सांगतात. उलटा हिशोब करा: २५ ची गोळी दीडशेसारखी वागेल. शेजाऱ्याने दिलेल्या कापलेल्या पट्टीवर हे कुठे लिहिलेलं असतं?

काकांनी तीनच गोळ्या घेतल्या होत्या, त्यामुळे डॉक्टरांनी ती लगेच थांबवली. मग विचारलं, रात्री किती वेळा उठता? तीनदा. रात्री साडेआठला मोठा कप चहा, दुपारी दोन तास झोप, आणि नऊला अंथरुणात. चहा संध्याकाळी पाचवर आला, दुपारची झोप अर्ध्या तासावर, अंथरुणात जायचं साडेदहाला, आणि प्रोस्टेट पुन्हा तपासायची वेळ घेतली. आता ते रात्री एकदाच उठतात, आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसतात. उरलेल्या सात गोळ्या काकूंनी माझ्या हातात दिल्या.